सात प्रवेश, तीन स्थळे : रंगसूचना आणि प्रवेशक्रम कागदावर कसे मांडावेत?

मृदुला

आमच्या गटाने बसवायला घेतलेले नाटक दोन अंकी असून त्यात सात प्रवेश आणि तीन स्थळे आहेत. पहिल्या अंकात बैठकीची खोली, वकिलाचे कार्यालय, पुन्हा खोली आणि इस्पितळाचा व्हरांडा असा क्रम आहे. दुसऱ्या अंकात खोली, कार्यालय आणि शेवटी परत खोली. चौथ्या आणि पाचव्या प्रवेशामधला बदल मध्यंतरात होतो, त्यामुळे प्रेक्षकांसमोर अंधारात करावे लागणारे बदल पाच आहेत. सलग तालमीत मी ते घड्याळ लावून मोजले, तेव्हा अनुक्रमे ७५, ९०, ७०, ६५ आणि ८० सेकंद लागले, म्हणजे सहा मिनिटांहून अधिक वेळ प्रेक्षक काळोखात बसणार.

सध्या आमच्याकडे दोन कागद आहेत. एक संहिता, जिच्या समासात मी हालचाली, प्रकाश, संगीत आणि सामान हे सगळे पेन्सिलीने लिहिले आहे. आणि दुसरा प्रवेशांचा क्रम, ज्यात स्थळ, पात्रे आणि प्रत्येक प्रवेशाची मिनिटे आहेत. तरीही परवा तिसऱ्या प्रवेशात मुलीला सोफ्याखाली फाटके पाकीट सापडायचे होते, आणि ते तिथे नव्हते. पहिल्या प्रवेशात वडिलांनी ते फाडून टाकले होते, हे सर्वांना आठवत होते. पण ते उचलले कोणी, हे कोणालाच सांगता येईना. अशा नाटकाचा प्रवेशक्रम नेमका कसा लिहावा?

नाट्यवेडा

संहिताच सर्वांची एक ठेवावी, म्हणजे घोटाळा होत नाही. प्रत्येक नटाच्या प्रतीत प्रकाशाचे आणि संगीताचे क्यूसुद्धा लिहून द्यावेत. आता काय होणार आहे हे नटाला ठाऊक असले की तो सांभाळून घेतो. बदलांवर लांब संगीत टाकावे, प्रेक्षकांना वेळ जाणवत नाही. आणि रंगसूचनेत डावी-उजवी नेहमी प्रेक्षकांच्या बाजूने लिहावी, कारण दिग्दर्शक तिथूनच पाहत असतो.

कोरा_कागद

माझा प्रश्न याच विषयाशी जोडलेला आहे. माझ्या नाटकात अकरा प्रवेश झाले आहेत. लेखकाने अंकात जास्तीत जास्त किती प्रवेश ठेवावेत, असा काही नियम आहे का?

पडद्यामागचा

कोरा_कागद, आपला प्रश्न लेखनाचा आहे आणि मृदुलाताईंचा प्रश्न लिहून झालेले नाटक चालवण्याचा आहे, त्यामुळे आपल्याकडे शेवटी येतो.

मृदुलाताई, आपल्या प्रवेशक्रमात प्रत्येक प्रवेशात काय घडते ते आहे, पण प्रवेश संपताना रंगमंच कोणत्या अवस्थेत असतो ते नाही. पाकीट नेमके तिथेच हरवले. पहिला प्रवेश सुरू होताना खोली जशी लावलेली असते, तशी ती संपताना नसते: कोणी कप उचलून दुसरीकडे ठेवतो, कोणाची शाल सोफ्यावर राहते, पाकीट फाटते. बदल करणाऱ्या मुलांना 'खोली काढा, कार्यालय लावा' एवढेच सांगितले असेल, तर ती खाली पडलेला कागद कचरा समजून उचलणारच, आणि त्यांना दोषही देता येणार नाही.

म्हणून प्रत्येक प्रवेशासाठी दोन नोंदी करा, आरंभीची स्थिती आणि अखेरची स्थिती. नोंद बसून आठवणीने करू नका. तालमीत प्रवेश संपला की सर्वांना जागच्या जागी थांबवा आणि रंगमंचावर जे जे दिसते ते, अगदी चष्म्यापर्यंत, लिहून काढा. मग पहिल्याची अखेर आणि दुसऱ्याचा आरंभ शेजारी ठेवा. त्या दोहोंतला फरक म्हणजे पहिला बदल. त्यानंतर स्थळ परत येते तिथली जोडीही तपासा, म्हणजे पहिल्याची अखेर आणि तिसऱ्याचा आरंभ, मध्ये दुसरा प्रवेश असला तरी. आपल्या नाटकात खोली चारदा येते, म्हणून अशा तीन जोड्या निघतील. ही दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत.

नाट्यवेडा यांच्या तीन मुद्द्यांबद्दल. सर्वांची संहिता एकाच दिवसाची, एकाच सुधारणेची असावी, हे अगदी खरे. प्रत्येक पानावर तारीख टाका. पण सर्वांचा कागद एकच नसावा. नटाच्या प्रतीत प्रकाशाचे क्यू आले की तो दिव्याची वाट पाहत थांबतो आणि दिवेवाला त्याच्या वाक्याची वाट पाहतो; मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि ती शांतता फार लांब वाटते. मुख्य प्रत एकच, रंगमंच व्यवस्थापकाकडे. तिच्यात डाव्या पानावर संहिता आणि उजवे पान कोरे ठेवावे, म्हणजे समासात गर्दी होत नाही. त्या कोऱ्या पानावर हालचाली आणि क्यू येतात, आणि बाकी प्रत्येकाला फक्त त्याच्या कामापुरता उतारा मिळतो.

क्यू लिहिताना तो शब्दाला किंवा कृतीला बांधा. 'थोड्या वेळाने प्रकाश मंदावतो' ही रंगसूचना वाचायला चांगली आहे, पण तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. 'वडील दाराची कडी लावतात, तो हात कडीवरून खाली आला की' असे लिहिले, तर रोज एकाच जागी प्रकाश मंदावेल. क्यूंना दहा, वीस, तीस असे क्रमांक द्या. मध्ये एखादा नवा शिरला तर तो पंधरा होतो आणि पुढचे क्रमांक बदलावे लागत नाहीत. प्रत्येक क्यूच्या अर्धे पान आधी 'तयार' अशी खूण असू द्या.

संगीताबद्दल एवढेच सांगतो की चाळीस सेकंदांचा तुकडा लावला आणि बदलाला त्रेचाळीस लागले, तर ते तीन सेकंद चाळिसांहून मोठे असतात. तुकडा फिरून फिरून वाजू शकेल असा हवा आणि तो व्यवस्थापकाच्या खुणेवर विरायला हवा.

नाट्यवेडा

नटाच्या प्रतीबद्दल पटले. डाव्या-उजव्याबद्दल मात्र मी ठाम आहे. आमच्याकडे नेहमी प्रेक्षकांच्या बाजूनेच लिहितात.

पडद्यामागचा

काही गट तसे लिहितात आणि त्यांचे काम अडत नाही. जर्मन रंगभूमीवरही प्रेक्षकांच्या बाजूनेच धरतात, तर इंग्रजी रंगभूमीवर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी ती डावी. यात बरोबर-चूक काही नाही. धोका एकाच गटात दोन्ही पद्धती चालण्याचा आहे, आणि दिग्दर्शक खाली, नट वर असल्यामुळे तो हमखास होतो. फ्रेंच लोकांनी डावे-उजवे हा वादच टाळला: प्रेक्षकांच्या डावीकडची बाजू 'बाग' आणि उजवीकडची 'अंगण', कारण पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यातल्या नाट्यगृहाच्या एका बाजूला बाग होती आणि दुसऱ्या बाजूला अंगण. आपणही दोन बाजूंना दोन नावे द्यावीत. नाव मात्र सेटमधल्या वस्तूचे नको, कारण सेट बदलतो. दर्शनी पडद्याची दोरी ज्या बाजूला आहे ती 'दोरीची बाजू' आणि दुसरी 'भिंतीची बाजू', असे काहीतरी न हलणारे घ्यावे. नाट्यगृह बदलले तर पहिल्याच दिवशी खडूने दोन्ही विंगांवर तीच नावे लिहावीत, मग दोरी कुठेही असो.

मृदुला

आज तालमीत प्रत्येक प्रवेशाअखेर थांबून नोंद केली. पहिल्या प्रवेशाच्या अखेरीस रंगमंचावर माझ्या यादीत नसलेल्या सहा गोष्टी निघाल्या: दोन कप, वडिलांचा चष्मा, आईची शाल, फाटक्या पाकिटाचे दोन तुकडे. तिसऱ्या प्रवेशाच्या आरंभी कप नकोत, शाल नको, चष्मा टीपॉयवरच हवा आणि पाकिटाचा एकच तुकडा सोफ्याखाली हवा. दुसरा तुकडा मुलीच्या हाती चौथ्या प्रवेशात लागतो, म्हणजे तो मधल्या काळात कोणाकडे तरी सांभाळून असायला हवा. हे इतके दिवस आम्ही गृहीत धरून चाललो होतो.

आता वेळेचा प्रश्न. पहिल्या बदलात आम्ही सोफा, टीपॉय, उभा दिवा आणि वेताची खुर्ची बाहेर नेतो; टेबल आणि तीन खुर्च्या आत आणतो. सामान हलवणारे दोघे आहेत.

पडद्यामागचा

मग ७५ सेकंद कुठे गेले ते सरळ दिसते. सोफ्याला दोघे लागतात आणि टेबलालाही दोघे, ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत एक जण टीपॉय नेऊन खुर्ची आणतो आणि दुसरा दिवा नेऊन खुर्ची आणतो. वेताची खुर्ची आणि तिसरी खुर्ची यांसाठी तिसरी फेरी. अंधारात वस्तू घेऊन विंगेत जाणे, ती ठेवणे, दुसरी उचलून जागेवर आणणे याला सुमारे पंचवीस सेकंद धरले, तर तीन फेऱ्यांचे पंचाहत्तर होतात. मुलांना 'पळा' म्हणून यातले पाच सेकंद वाचतील आणि कोणाचा तरी गुडघा फुटेल. वेळ कमी करायचा असेल तर फेऱ्यांची संख्या कमी करा.

खोली चारदा येते, म्हणून तिला हलवूच नका. ती दोरीच्या बाजूला, मागे कायम राहू द्या आणि कार्यालय भिंतीच्या बाजूला पुढे मांडा. मग पहिल्या बदलात बाहेर जाणारे सामानच उरत नाही. टेबल दोघांनी आणावे, त्यावरचा फोन आणि फाइल आधीच चिकटवून ठेवावी. वकील आणि कारकून आपापली खुर्ची अंधारात स्वतः घेऊन येतील. तिसरी खुर्ची खरोखर लागते का, हे पाहा. बदलाचा कागद मग इतकाच होईल:

बदल १. खूण : वडिलांचा हात कडीवरून खाली.
पहिला आणि दुसरा मदतनीस : टेबल आत, भिंतीच्या बाजूने, पिवळ्या खुणांवर, जाताना कप आणि शाल उचलून दोरीच्या बाजूने बाहेर.
वकील : आपली खुर्ची, भिंतीच्या बाजूने.
कारकून : आपली खुर्ची, भिंतीच्या बाजूने, वकिलाच्या मागोमाग.
हात लावू नये : चष्मा. सोफ्याखालचा तुकडा.
बदल पूर्ण : पहिला मदतनीस विंगेत पोहोचून व्यवस्थापकाच्या खांद्याला हात लावतो.

'हात लावू नये' ही ओळ विसरू नका, आपले पाकीट तिच्या अभावी गेले. दुसरा तुकडा पहिल्या प्रवेशातच वडिलांनी खिशात घालावा, म्हणजे तो सांभाळायला कोणी लागणार नाही. हे अर्थात दिग्दर्शकाला मान्य असेल तर.

उजेड

मी दिवे चालवतो, म्हणून या योजनेतली एक अडचण सांगतो. कार्यालयावर समोरून प्रकाश टाकला की तो टेबलावर थांबत नाही. जमिनीवरून आणि कपड्यांवरून उसळून मागे जातो. फिक्या रंगाचा सोफा अशा वेळी भुतासारखा दिसत राहतो. कार्यालयावरचा प्रकाश शक्यतो बाजूने आणि वरून तिरका घ्यावा, सोफ्याचे आवरण गडद असावे आणि दोन्ही जागांमध्ये मोकळी पट्टी ठेवावी. एवढे करूनही पूर्ण लपेल अशी हमी मी देणार नाही.

दुसरी गोष्ट अंधाराची. मदतनीस विंगेतून उजळलेला रंगमंच पाहत उभे असतील, तर ब्लॅकआउट झाल्यावर त्यांना काहीच दिसत नाही. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि आपल्याकडे वीस सेकंद आहेत. खुणेच्या आधी अर्धा मिनिट एक डोळा मिटून ठेवायचा आणि अंधार झाला की तो उघडायचा, ही जुनी युक्ती खरोखर चालते. खुणांसाठी रेडियमच्या पट्टीचे नखाएवढे तुकडे फर्निचरच्या फक्त मागच्या दोन पायांच्या जागी लावावेत. पुढे लावले की पहिल्या रांगेला दिसतात. हे तुकडे उजेड पिऊन चमकतात, त्यामुळे जी जागा प्रवेशभर सोफ्याखाली झाकलेली असते, तिथली खूण ऐन वेळी विझलेली सापडते.

नाट्यवेडा

मुळात अंधारच कशाला? मंद निळ्या प्रकाशात नटांनीच सामान हलवावे, प्रेक्षकांना ते पाहायला आवडते.

उजेड

निळ्या प्रकाशात वेळ वाचतो, हे मान्य आहे, पण मग त्या हालचालीही बसवाव्या लागतात, आणि नट तेव्हा पात्र असतो की हमाल, हे ठरवावे लागते. ज्या नाटकात पाकीट कोणाच्या हाती लागते यावर सगळे अवलंबून आहे, तिथे वकिलाने येऊन सोफ्याजवळचे कप उचललेले मला तरी चालणार नाही.

नाट्यवेडा

आपल्याला चालणार नाही. प्रेक्षकांचे मला माहीत नाही.

मृदुला

आठवड्याने लिहिते आहे. खोली कायम ठेवली, तिसरी खुर्ची रद्द केली, आणि पहिला बदल ७५ वरून २२ सेकंदांवर आला. दुसरा २५ वर. आनंद एक दिवस टिकला. पहिल्या प्रवेशाच्या अखेरीस रंगमंचावर असलेली आमची मुख्य अभिनेत्री दुसऱ्या प्रवेशाच्या पहिल्या वाक्याला वेगळ्या साडीत वकिलाच्या दारात उभी असते. आजवर ती वेळेवर यायची, कारण सोफा वेळेवर जात नसे! आता २२ सेकंदांनी प्रकाश येतो आणि दार रिकामे असते.

पडद्यामागचा

असे होणारच होते, आणि मी आधी विचारायला हवे होते, ही माझी चूक. बदलाचा वेळ फर्निचर, वेशभूषा आणि प्रकाश-संगीत या तिघांत जो सर्वांत सावकाश असेल तो ठरवतो. फर्निचर हळू होते तोवर साडी त्याच्या मागे लपली होती. म्हणून प्रवेशक्रमाच्या कागदावर प्रत्येक पात्रासमोर कोणत्या बाजूने बाहेर, कोणत्या बाजूने आत, आणि कोणत्या कपड्यांत, हे तीन शब्द हवेत. तसे लिहिले की एकाच ओळीत 'दोरीने बाहेर, भिंतीने आत, साडी बदल' दिसते आणि ओळ वाचणाराच दचकतो.

तिला प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते मोजा, आणि त्यात सेटच्या मागून पलीकडे जाण्याचा वेळ धरा.

मृदुला

मोजले. मागून जायला १२ आणि साडीला, मदतीला एक जण धरून, ५०. एकूण ६२.

पडद्यामागचा

म्हणजे बासष्टातून बावीस गेले, चाळीस सेकंद कुठून तरी आणायचे आहेत. मार्ग तीन. साडी आधीच शिवून एका हुकावर आणली तर पन्नासाचे वीस होऊ शकतात. तिने पहिल्या प्रवेशातून चाळीस सेकंद आधी निघावे, हा दुसरा. पण अखेर तिच्यावर असेल तर तो बंद. किंवा दुसऱ्या प्रवेशाच्या आरंभी वकील आणि कारकून यांचे चाळीस सेकंदांचे काहीतरी असावे. तिसऱ्याला लेखकाची संमती लागते.

मृदुला

लेखकाने कारकुनाचे फाइल शोधणे लिहून दिले. ते सुमारे ३५ सेकंद चालते, आणि साडीही थोडी शिवून घेतली. आता ती दाराशी थोडी आधीच पोहोचते.

व्हरांड्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तिसऱ्या प्रवेशानंतर इस्पितळ येते, आणि दिग्दर्शकाला तिथे खोलीचा मागमूसही नको आहे, रंगमंच रिकामा आणि एकच लांब बाक. त्यामुळे सोफा, टीपॉय, दिवा सगळेच बाहेर जाते. दोघांचे चौघे केले तरी हा बदल ४८ सेकंदांच्या खाली येत नाही.

उजेड

मधला काळा पडदा आहे का? तो खोलीच्या पुढून ओढला तर काहीच हलवावे लागणार नाही, बाक पडद्यापुढे.

मृदुला

आहे, पण मग व्हरांड्याला मागे जागा उरत नाही, जेमतेम सहा फूट. दिग्दर्शक म्हणतात की तिथला एकटेपणा रिकाम्या मागच्या जागेतूनच येतो.

पडद्यामागचा

त्यांचे म्हणणे बरोबर असू शकते. ४८ सेकंद ठेवायचे ठरले तर निदान ते काळोखात ठेवू नका. व्हरांड्यातला आवाज, दूरवरच्या पावलांचा, बदल सुरू होतानाच येऊ द्या आणि मुलगी पुढच्या कडेला एका मंद दिव्याखाली येऊन थांबू द्या. मागचे सामान तिच्यामागे जाते. फक्त मदतनिसांनी गडद कपडे घालावेत आणि तिच्या उजेडात कोणी शिरू नये. तालमीत आधी तिच्याविना आणि मग तिच्यासह करून पाहा; तिच्यासह ४८ चे ५५ झाले तर समजा की ती कोणाच्या तरी वाटेत उभी आहे.

कोरा_कागद, प्रवेशांच्या संख्येचा नियम माझ्या माहितीत नाही. आपले अकरा प्रवेश किती स्थळांत आहेत आणि एखादे पात्र कपडे बदलून लगेच कुठे येते का, तेवढे लिहा. संहितेत रंगसूचना नाट्यार्थापुरत्या ठेवा. पाकीट फाटते आणि एक तुकडा राहतो हे आपण लिहायचे, तो कोण सांभाळतो हे आम्ही.

कोरा_कागद

नऊ स्थळे आहेत. कपड्यांचा मी विचारच केला नव्हता. पाहून सांगतो.